मावशीचा परिचय: पोस्टरसाठी, व्याख्यानासाठी आणि संकेतस्थळासाठी

मावशी,

तू वहीत लिहून दिलेला मोठा परिचय तसाच जपून ठेव. पुढे कोणी काहीही मागितलं तरी त्यातूनच काढायचं. खालचे तिन्ही मजकूर मी त्यातूनच केलेत, पण एकच परिच्छेद कापत कापत आखूड केलेला नाही. पोस्टर लोक येता-जाता वाचतात, वाचनालयातले श्रोते परिचय ऐकतात, आणि संकेतस्थळावर आलेला माणूस रविवारची सकाळ तुझ्याबरोबर घालवायची का हे ठरवत असतो. तू नाशिक पायी फिरवून दाखवतेस किंवा घाटावर जाऊन समजून घेतेस, ही गोष्ट मात्र तिन्हींत ठेवली आहे.

पोस्टरसाठी (नाव फोटोखाली येणारच आहे)

निवृत्त इतिहास शिक्षिका. दर रविवारी सकाळी गोदाघाट, पंचवटीची मंदिरं आणि जुने वाडे पायी फिरून दाखवतात. मुलांनाही घेऊन या.

पदव्या आणि पुरस्कार इथून काढले. 'मुलांनाही घेऊन या' हे वहीत नव्हतं, पण तू ते प्रत्येकाला सांगतेस आणि घरच्यांचा निर्णय त्यावरच होतो.

व्याख्यानासाठी (निवेदक वाचून दाखवतील)

आजच्या आपल्या वक्त्या पंचवटीत वाढल्या. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर त्या मुलांना आणि मोठ्यांनाही थेट घाटावर घेऊन जाऊ लागल्या. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, यावर नाशिककर पूर मोजतात. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. अशा पुरांच्या आठवणी त्या घाटावरच्या जुन्या रहिवाशांकडून ऐकून लिहून ठेवत आहेत. आज त्या आपल्याशी त्याच आठवणींबद्दल बोलणार आहेत. टाळ्यांच्या गजरात त्यांचं स्वागत करूया.

वाक्यं मुद्दाम आखूड ठेवली, निवेदकाचा दम मध्येच तुटायला नको. पांडवलेण्यांचा भाग इथे घेतला नाही. तो तुझा लाडका आहे, पण विषय पुराचा आहे आणि श्रोत्यांचं मन तिकडे जाईल.

संकेतस्थळासाठी (तुझ्याच तोंडून)

मी पंचवटीत वाढले. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचं कळलं की घरातलं कोणीतरी घाटावर जाऊन यायचं आणि पाणी मारुतीच्या कुठवर आलं तेवढंच सांगायचं. त्यावरून आम्हाला सगळं समजायचं. २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हापासून मी अशा आठवणी लिहून ठेवते.

शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवला. फळ्यावर सातवाहन लिहिताना मुलांना सांगायचे, हे लोक आपल्याच गावाजवळच्या डोंगरात भेटतात. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचा पराक्रम तिने त्यात वर्णिला आहे. दहाव्या लेण्यात उषवदाताच्या दानांची नोंद आहे. हा उषवदात म्हणजे नहपानाचा जावई, आणि नहपानाला हरवलं ते याच गौतमीपुत्राने. दोन्ही बाजूंचे लेख एकाच डोंगरात वाचायला मिळतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

रविवारची फेरी रामकुंडापासून निघते. नारोशंकराच्या मंदिराशी आपण मोठी घंटा बघतो, ती वसईच्या विजयानंतर आणलेली. पुढे काळाराम मंदिर. तिथे मी घाई करत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षं चालला. हे दार आपल्याच माणसांना बंद होतं, हे मुलांना त्या दारासमोर उभं करून सांगावं असं मला वाटतं.

फेरी साधारण अडीच तासांची. मंदिरांत पादत्राणं काढावी लागतात, म्हणून बुटांपेक्षा चपला बऱ्या. पाण्याची बाटली आणि टोपी आणा. नदीला पाणी चढलेलं असेल तर घाट वगळून वाड्यांकडे जातो.

यात वहीतला शाळेतल्या बदल्यांचा भाग गेला आणि दोन पुरस्कारही गेले. पुरस्कार हवेच असतील तर शेवटी एका ओळीत घालते, सुरुवातीला नको. घाटावरच्या ज्या आजींनी तुला जुन्या पुराची हकीकत सांगितली, त्यांचं नाव कुठेच घातलेलं नाही. त्यांना विचार, हो म्हणाल्या तर मोठ्या मजकुरात घालू. पोस्टर बुधवारी छपाईला जाणार, तेव्हा तेवढा मजकूर आधी बघून कळव.