नेपाळी क्रियापदांच्या तीन पायऱ्या : मोठ्या काकांना टिपण

पोखरा, भाऊबीज

ती. मोठ्या काकांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

मंसिर महिन्यात इथे लग्नाला येण्याआधी तुम्ही नेपाळी शिकायला घेतलंत आणि व्याह्यांना त्यांच्याच भाषेत पत्र लिहायचं ठरवलंत, याचा मला फार आनंद झाला. फोनवर तुम्ही विचारलंत की एकाच क्रियापदाची तीन-तीन रूपं का दिली आहेत आणि त्यातलं कुठलं वापरायचं. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे टिपण.

समोरच्या माणसाला नेपाळीत तीन सर्वनामं आहेत : तँ, तिमी, तपाईं. प्रत्येकाबरोबर क्रियापद बदलतं. ‘आउनु’ म्हणजे येणे. त्याची रूपं अशी :

तँ आउँछस् : तू येतोस
तिमी आउँछौ : तू येतोस, पण बरोबरीच्या नात्याने
तपाईं आउनुहुन्छ : तुम्ही येता, आपण येता

भूतकाळात आइस्, आयौ, आउनुभयो. आज्ञार्थात आइज, आऊ, आउनुहोस्. म्हणजे ये, ये, या किंवा यावं. दुसऱ्या ओळीला मराठीत वेगळं रूपच नाही, म्हणून तिथे दोनदा ‘ये’ लिहावं लागलं.

इथेच सर्वांत मोठा धोका आहे. ‘तिमी’ कानाला ‘तुम्ही’सारखं लागतं आणि आपण बिनधास्त वापरतो. पण आपलं ‘तुम्ही’ वडिलांना, सासऱ्यांना, मास्तरांना चालतं. नेपाळीतलं ‘तिमी’ मित्राला, धाकट्या भावाला, विद्यार्थ्याला आणि बऱ्याच घरांत बायकोला म्हणतात. नवरा बायकोला तिमी आणि बायको नवऱ्याला तपाईं, ही जुनी रीत अजून पुष्कळ घरांत आहे. आपल्याकडच्या ‘अहो’ची आठवण होते. व्याह्यांना तुम्ही ‘तिमी आऊ’ म्हणालात तर ते हसून घेतील, पण त्यांच्या कानाला ते अरेतुरेच्या जवळचं वाटेल. तुमच्या मनातलं प्रत्येक ‘तुम्ही’ नेपाळीत ‘तपाईं’ होऊन उतरलं पाहिजे.

‘तँ’ तर पूर्ण बाजूलाच ठेवा. ते अगदी जवळच्या सवंगड्यांत, लहान पोरांशी किंवा भांडणात येतं. आपण आईला ‘तू’ म्हणतो आणि त्यात माया असते, म्हणून तेच नेपाळीत नेलं तर वाक्य दुखवणारं होतं. इथे आमाला बहुतेक तपाईं, काही घरांत तिमी. दाजू आणि दिदी म्हणजे थोरला भाऊ नि बहीण, त्यांनाही तपाईं. धाकट्यांना तिमी.

तुमच्यासाठी चांगली गोष्ट अशी की सर्वांत वरची पायरी सर्वांत सोपी आहे. तुम्ही संस्कृत शिकवलंत, तुम्हाला ही रचना आवडेल. ‘आउनु’ हे नुसतं धातूचं नाम, येणे. त्याला ‘हुनु’, म्हणजे होणे, जोडलं की आदर आला. आउनुभयो म्हणजे शब्दशः ‘येणं झालं’. तपाईं कहिले आउनुभयो? : आपलं येणं कधी झालं? तुमच्या पिढीतली माणसं दारात आलेल्या पाहुण्याला अजून असंच विचारतात. आउनुहोस् म्हणजे ‘येणं व्हावं’. आदर दाखवायचा असला की माणसाने केलं असं न म्हणता घडलं असं म्हणायचं, ही रीत आपल्या दोन्ही भाषांत आहे. फक्त नेपाळीने तिचं व्याकरणच करून टाकलं आणि आपण ती ठेवणीत ठेवली.

म्हणून हुन्छ, भयो, होस् ही तीन शेपटं पाठ झाली की रोजच्या बोलण्यापुरतं काम झालं. बाई असो, बुवा असो, एक असो, दहा असोत, रूप बदलत नाही. समोर नसलेल्या वडीलधाऱ्यांबद्दलही हेच : उहाँ आउनुभयो, ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ दोन्हींना एकच. खालच्या पायऱ्यांवर मात्र बाईमाणसासाठी वेगळी रूपं आहेत, निदान लिहिताना. ‘आहे’साठी खाली छस्, छौ आणि होस्, हौ असे दोन वेगळे संच आहेत, वर दोन्हींच्या जागी एकटं ‘हुनुहुन्छ’. नकारही तसाच सोपा : आउनुहुन्न, येत नाही. जानुहोस् म्हणजे जा, नजानुहोस् म्हणजे जाऊ नका. स्वतःबद्दल मात्र हे रूप कधीच नाही. ‘म आउँछु’, मी येतो, एवढंच.

खालच्या रूपाबद्दल एक गोष्ट तुमच्या कानाला गोड लागेल : ‘आउँछस्’मधला शेवटचा स् आणि आपल्या ‘येतोस’मधला स. तुमचे विद्यार्थी असते तर तुम्ही त्यावर एक तास घेतला असतात.

तुम्ही सरावाला नेपाळी बातम्या वाचता, म्हणून आणखी एक सांगते. अनेक वर्तमानपत्रं मंत्र्यांबद्दलसुद्धा ‘उनले भने’, म्हणजे ते म्हणाले, असं मधल्या पायरीचं रूप छापतात. ती बातमीची भाषा झाली. घरात कुणाही वडीलधाऱ्याबद्दल ‘उहाँले भन्नुभयो’च म्हणायचं. वाचलेलं तसंच बोलण्यात आणू नका.

तीनच्या वर आणखी एक पायरी ऐकू येईल : बस्नुहोस्च्या जागी ‘बसिबक्सियोस्’. ही मूळ दरबारची बोली. 2008 साली राजेशाही गेली, पण काही जुन्या घराण्यांतून ही बोली टिकली आहे. यातलं ‘बक्स’ म्हणजे आपल्या ‘बक्षीस’मधलंच. कळलं म्हणजे पुरे, बोलायची गरज नाही. ‘हजुर’ मात्र अवश्य शिका. हाकेला ओ द्यायला, न ऐकू आल्यास ‘काय म्हणालात?’ विचारायला, होकाराला, सगळ्याला चालतं. आजोबांना इथे हजुरबा म्हणतात, त्यातही तेच.

आल्यावर पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारतील, ‘खाना खानुभयो?’, जेवण झालं का? उत्तर ‘खाएँ’, जेवलो. आणि ‘बस्नुहोस् न’ म्हणजे आपलं ‘बसा ना’; तो ‘न’ इथे नकाराचा नाही, आग्रहाचा आहे.

आता पत्राचा मसुदा. छोटाच ठेवला आहे, कारण थोडक्यात आणि बिनचूक लिहिलेलं त्यांना जास्त आवडेल.

आदरणीय सम्धीज्यू, नमस्कार।
(आदरणीय व्याही, नमस्कार.)
तपाईंले पठाउनुभएको चिठी पाएँ।
(आपण पाठवलेलं पत्र मिळालं.)
घरमा सबैजना सञ्चै हुनुहुन्छ होला।
(घरी सर्व मंडळी खुशाल असतील.)
हामी मंसिरमा पोखरा आउँछौं।
(आम्ही मंसिरात पोखऱ्याला येतो.)
आफ्नो ख्याल गर्नुहोला।
(प्रकृतीला जपावं.)

शेवटचं ‘गर्नुहोला’ नीट पाहा. ‘गर्नुहोस्’पेक्षा ते मऊ आहे, आज्ञा नाही, इच्छा आहे, पत्रात तेच शोभतं. आणि ‘आउँछौं’वरचा अनुस्वार विसरू नका. तो गेला की ‘आम्ही येतो’चं रूप ‘तिमी’चं होऊन बसतं.

तुमच्या हाताने लिहून फोटो पाठवा, मी एकदा नजर टाकते. मग खुशाल पोस्टात टाका. काकूंना नमस्कार. येताना लोकरीचे कपडे भरपूर घ्या, मंसिरात सकाळी इथे चांगलीच थंडी असते.

कळावे,
तुमची धाकटी पुतणी