गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी: पॅकेज घ्यायचं की भेटीगणिक पैसे द्यायचे?

रुग्ण: वय ६७, उजवा गुडघा बदलून १३ दिवस, कालच टाके काढले. घर बेळगावात वडगाव, दुसरा मजला, लिफ्ट नाही. क्लिनिक टिळकवाडीत. मुलगा उद्यमबागेत शिफ्टला.

आमचे दर असे. क्लिनिकमध्ये एक भेट ४०० रुपये. १० भेटींचं पॅकेज ३,५०० (मुदत ४५ दिवस), २० भेटींचं ६,४०० (७५ दिवस). घरी एक भेट ६५०, त्यात ४०० उपचाराचे आणि २५० येण्याजाण्याचे. घरच्या १० भेटींचं पॅकेज ५,८००.

आधी पॅकेज कुठून परवडायला लागतं ते पाहू. १० च्या पॅकेजमध्ये नवव्या भेटीपासून फायदा आहे, कारण आठ सुट्या भेटींचे ३,२०० होतात आणि नऊंचे ३,६००. घरच्या पॅकेजचंही नववीपासूनच. २० च्या पॅकेजला सोळाव्या भेटीपर्यंत एक रुपयाही वाचत नाही, सतराव्या भेटीपासून वाचतो. म्हणून किती भेटी लागतील याचा अंदाज आधी, पॅकेज नंतर.

या रुग्ण आईंना साधारण २६ भेटी लागतील. पहिले दोन आठवडे आठवड्याला पाच, म्हणजे १०. या घरीच हव्यात. वॉकर घेऊन दोन मजले रोज उतरवण्यात धोका जास्त, उपयोग कमी. पुढचे चार आठवडे आठवड्याला तीन, म्हणजे १२. मग महिनाभर आठवड्याला एक, त्या ४. या शेवटच्या १६ क्लिनिकमध्ये कराव्यात, कारण सायकल, पॅरलल बार आणि सरावाच्या पायऱ्या घरी आणता येत नाहीत.

सगळ्या २६ भेटी घरी, सुट्या दराने घेतल्या तर १६,९००. घरचं पॅकेज आणि क्लिनिकचं २० चं पॅकेज घेतलं तर १२,२००, पण त्यातल्या चार भेटी वाया. घरचं पॅकेज, क्लिनिकचं १० चं पॅकेज आणि उरलेल्या ६ सुट्या घेतल्या तर ११,७००. आमचा सल्ला हाच. २० चं पॅकेज विकायला आम्हालाही आवडतं, पण इथे ते बसत नाही.

रिक्षाचे पैसे मात्र बहुतेक जण धरत नाहीत. जाऊन-येऊन १६० धरले तर १६ भेटींचे २,५६० होतात, म्हणजे क्लिनिकचा खरा खर्च ८,४६०. त्याच १६ भेटी घरी सुट्या घेतल्या तर १०,४००. फरक १,९४० चा. मुलाला आईंना आणायला अर्धा दिवस रजा टाकावी लागली आणि त्याचे ४०० कापले गेले, तर पाच रजांत ही बचत संपते. सुनेला किंवा शेजाऱ्यांना जमत असेल तरच क्लिनिक स्वस्त.

बरं व्हायला किती दिवस? ऑपरेशनपासून दोन आठवड्यांत गुडघा ९० अंशांपर्यंत वाकावा, तीन ते सहा आठवड्यांत वॉकर सुटून काठी यावी, तीन महिन्यांत रोजची कामं जमावीत. सूज आणि ताठरपणा पूर्ण जायला सहा महिने ते वर्ष लागतं. फक्त वाकण्याकडेच पाहू नका. झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवायची सवय लागली की पाय सरळ होत नाही आणि लंगडणं राहतं. मग भेटी वाढतात. घरी दिवसातून तीन वेळा व्यायाम केला नाही तरी तेच होतं. सहाव्या आठवड्यात ९० च्या खालीच अडकलं असेल तर नवीन पॅकेज न घेता आधी सर्जनला दाखवा. पोटरी सुजली-दुखली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर त्या दिवशीची भेट रद्द करून थेट दवाखान्यात जा. अशा रद्द भेटींचे दिवस आम्ही मुदतीत वाढवून देतो. इतरत्र विचारून घ्या.

दुखणं वेगळं असेल तर हिशेबही बदलतो. घोटा मुरगळला किंवा पाठ अचानक धरली तर चार-सहा भेटी पुरतात, पॅकेज नको. खांदा आखडला असेल, त्यात साखर असेल, तर महिनोन्‌महिने लागतात; तरी एका वेळी १० च घ्या आणि दहाव्या दिवशी हात किती वर जातो ते मोजून पुढचं ठरवा. नुसतं मशीन लावून वीस मिनिटं झोपवणार असतील तर स्वस्त पॅकेजही महागच.

पाच किलोमीटरच्या पुढे घरभेटीला जाता-येता दोन्ही बाजूंचे किलोमीटरला १२ रुपये जादा. खानापूर २६ धरलं तर ५०४ वाढून भेट १,१५४ ला पडते. तिकडच्यांनी खानापुरातच फिजिओ पाहावा, आमच्याकडे पंधरवड्यातून एकदा तपासणीला यावं.

विमा असेल तर पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या किती दिवसांचा खर्च धरलाय ते पाहा. बऱ्याच पॉलिसींत ६० किंवा ९० असतात. सर्जनची चिठ्ठी जोडा आणि पॅकेजची एकच पावती न घेता तारीखवार बिल मागा.