झोपेत मेंदू काय करतो?

आदरणीय गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो,

गेल्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी 2 वाजेपर्यंत जागले. सकाळी पेपर हातात आला आणि पाठ केलेली व्याख्या ओठांवर येऊन अडकली!

दिवसभर शिकलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या छोट्या भागात जमा होतं. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव. गाढ झोप लागली की तिथल्या पेशी दिवसाचा धडा पुन्हा गिरवतात आणि तो हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्का होतो. म्हणजे आपण घोरत असतो तेव्हाही उजळणी चालूच! जागरणात ही उजळणी बुडते, शिवाय दुसऱ्या दिवशी नवीन काही डोक्यात नीट शिरत नाही, ते वेगळंच.

आपल्या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. हा आकडा मी आईला सांगितला, तर तिने मोबाइलच काढून घेतला!

धन्यवाद.