व्याख्यानाचा आराखडा: भरती दिवसातून दोनदा का येते?

वर्ग: प्रथम वर्ष विज्ञान, सुमारे 180 विद्यार्थी. स्थळ: रत्नागिरी, महाविद्यालयाचे मोठे सभागृह. वेळ: 50 मिनिटे.

मिरकरवाडा आणि भाट्ये परिसरातील विद्यार्थ्यांना भरतीच्या वेळा माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असतील. त्यामुळे भरती म्हणजे काय हे सांगण्यात वेळ न घालवता पहिल्या पाच मिनिटांतच प्रश्न फळ्यावर लिहावा: चंद्र पाणी आपल्याकडे ओढतो, तर त्याच्या विरुद्ध बाजूलाही भरती का येते?

पहिला विराम, चार मिनिटे. प्रत्येकाने आधी एकट्याने वहीत आकृती काढावी, मग शेजाऱ्याला दाखवावी. बाक हलत नसल्याने मोठे गट पाडू नयेत. दोघांची जोडी पुरेशी आहे. या वेळात व्यासपीठावरून उतरून मागच्या रांगांपर्यंत जावे आणि तेथील एक चुकीची, पण विचारपूर्वक काढलेली आकृती नाव न घेता फळ्यावर उतरवावी. त्यानंतरच सांगावे की पृथ्वीच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरील चंद्राच्या ओढीत जो फरक पडतो त्यामुळे भरती येते, आणि म्हणून पाण्याला फुगवटे दोन असतात. यासाठी बारा मिनिटे राखून ठेवावीत, कारण पुढचे सारे यावरच उभे आहे.

दुसरा विराम, सहा मिनिटे. पृथ्वीवरील सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे 180 पट आहे. मग भरतीवर अधिक प्रभाव कोणाचा? सूर्यासाठी एक बोट, चंद्रासाठी दोन बोटे छातीशी धरावीत, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून मत बदलणार नाही. उत्तर न सांगता जोडीने चर्चा करू द्यावी आणि पुन्हा मत घ्यावे. नंतर गणित: सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे 2.7 कोटी पट, अंतर सुमारे 390 पट, आणि भरतीचा प्रभाव अंतराच्या घनाने घटतो; म्हणून सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी येतो. उशीर झाल्यास आकडेमोड स्वाध्यायात ढकलावी, पण दुसरे मतदान गाळू नये. चर्चेने मते कोठे सरकली ते त्यातूनच कळते.

अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग एका आकृतीत उरकावा.

अखेरचा विराम, पाच मिनिटे, चिठ्ठीवर. तिथीच्या पाऊणपट काढले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरील जुना हिशेब आहे. त्यानुसार षष्ठीला ती साडेचारच्या सुमारास येते. दर तिथीला ही वेळ पाऊण तासाने पुढे का जाते, ते दोन वाक्यांत लिहावे. पृथ्वी एक फेरी पूर्ण करीपर्यंत चंद्र पुढे सरकलेला असतो, इतके आले तरी पुरे. चिठ्ठ्यांना गुण नाहीत. त्या दारापाशी गोळा कराव्यात आणि पुढील तासाची सुरुवात त्यांतील सर्वांत सामान्य चुकीपासून करावी.