८४० वर थांबव

मृणालच्या पीपीटीतली तेरावी स्लाइड आठवडाभर आधीच बनून तयार होती, फक्त ग्राफवर शेवटचा एक ठिपका टाकायचा राहिला होता. वर मोठ्या अक्षरात '१००० तास' असं लिहूनही ठेवलेलं, रंग वगैरे निवडून. विशाल तिला म्हणालाही होता की अगं चेंबर उघडायच्या आधी हेडिंग कशाला टाकतेस, पण ऐकेल ती मृणाल कसली.

टेस्ट कसली तर डॅम्प हीट. सोलर पॅनल ८५ डिग्रीला, ८५ टक्के ह्युमिडिटीत हजार तास ठेवायचं आणि बघायचं की टिकतं का. घराघरांच्या गच्चीवर जी सिलिकॉनची पॅनलं असतात ती यातून पास होऊनच बाजारात येतात. मृणालचे सेल मात्र पेरोव्हस्काइटचे, आणि या मटेरियलचं दुखणं सगळ्या जगाला माहितीये. २००९ मध्ये पहिला सेल आला तेव्हा एफिशियन्सी जेमतेम ३.८ टक्के होती, आता लोक २५ च्या पुढे गेलेत, इतक्या लवकर एवढी मजल सिलिकॉनलाही जमली नव्हती. पण पाणी लागलं की संपलं. काळी कुळकुळीत फिल्म पिवळी पडते. आणि हे सगळं करायचं कुठे, तर मुंबईत, जुलैमध्ये, जिथे लॅबमधली मिठाची बाटलीसुद्धा चिकट होते. सेल बनतात ग्लव्ह बॉक्समध्ये, नायट्रोजनखाली, तिथे ठीक आहे. पण बाहेर आल्यावर त्यांना वाचवायचं तर सील नीट पाहिजे, आणि मृणालची सगळी पीएचडी त्या सीलवरच उभी होती. सेलवर काच ठेवायची, चारी कडांना यूव्हीने सुकणारं इपॉक्सी भरायचं, त्यातून तांब्याची पट्टी बाहेर काढायची आणि मग चेंबर.

सहा सेल आत होते. सुरुवातीला सरासरी १८.४ टक्के. दर आठवड्याला काढायचे, सोलर सिम्युलेटरखाली धरायचे, मोजायचे, परत आत ठेवायचे. ८४० तासांना १७.१, म्हणजे ९३ टक्के शाबूत. सर त्या दिवशी इतके खूश झाले की स्वतःच्या पैशाने सगळ्या लॅबला समोसे. हे सर कोणासाठी खिशात हात घालत नाहीत हे माहीत असलेल्यांनाच त्याची किंमत कळेल.

हजारावा तास भरला रात्री साडेनऊला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आरएसी, म्हणजे पीएचडीचं काम तपासणारी कमिटी. आणि ही नुसती सहा महिन्यांची हजेरी नव्हती, जेआरएफची, म्हणजे ज्युनियर फेलोशिपची, दोन वर्षं झालेली, तेव्हा पुढची सिनियर फेलोशिप, एसआरएफ, मिळणार की नाही हेही याच कमिटीने ठरवायचं होतं. ३७ हजाराचे ४२ हजार. फेलोशिप वेळेवर येत नाही ही गोष्ट वेगळी, पण उशिरा का होईना ४२ आलेले बरे.

तिने चेंबर थंड केला, दार उघडलं, ट्रे बाहेर काढला आणि नुसती बघतच राहिली.

सहातले चार पिवळे. एकाचा अर्धा भाग, दोन जवळपास पूर्ण, आणि एक तर असा की हळदीत बुडवून काढल्यासारखा. तिने सवयीने सगळे मोजले तरी. कुठे ६, कुठे ३.२, एकाचा तर कर्व्हच नाही, नुसती सरळ रेघ, म्हणजे शॉर्ट. एका आठवड्यापूर्वी हेच सेल ९३ टक्क्यांवर होते. पाणी एकदा आत घुसलं की पुढचं सगळं फटाफट होतं हे तिने कितीतरी पेपरात वाचलेलं, स्वतःच्या ट्रेमध्ये बघणं वेगळं.

तेवढ्यात डोंबिवलीहून आईचा फोन.

"जेवलीस का?"

"हो."

"खोटं बोलू नकोस. उद्या परीक्षा आहे ना तुझी?"

"परीक्षा नाही गं आई, कमिटी असते."

"तेच ते. इकडे बेडरूमच्या भिंतीला परत ओल आलीये. बाबा म्हणतायत गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलं, मी म्हणते वॉटरप्रूफिंगला काय झालंय, तो मेला केबलवाला भोक पाडून गेला तिथून येतंय पाणी. पण माझं कोण ऐकतंय. घरी येतेयस का?"

"नाही, आज लॅबमध्येच."

"काहीतरी खा मग."

विशाल वरच्या मजल्यावर थिसिस लिहीत बसलेला, म्हणजे क्रिकेट बघत. त्याला खाली बोलावलं. त्याने ट्रे बघितला, ओठ चावले, मग खुर्ची ओढून बसला आणि एकदम शांतपणे म्हणाला, "८४० वर थांबव."

"म्हणजे?"

"म्हणजे ग्राफ तिथे संपव. हेडिंग बदल. ८४० तास, ९३ टक्के, टेस्ट चालू आहे. झालं. लोक ५०० तासांवर पेपर काढतात गं."

"पण टेस्ट चालू नाहीये ना."

"उद्या सकाळी अकराला कोण येऊन चेंबर उघडून बघणारे? दोन चांगले आहेत ना, ते परत आत टाक. टेस्ट चालू. एक शब्द खोटा नाही."

आणि खरंच एक शब्द खोटा नव्हता, हीच तर त्यातली गंमत. विशाल वाईट मुलगा नाही. पाचव्या वर्षात आहे, फेलोशिप बंद झालीये, दोन क्लासेसमध्ये अकरावीला फिजिक्स शिकवून खोलीचं भाडं भरतो. एसआरएफ सहा महिने लांबली तर काय होतं हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही. तिच्यासाठीच बोलत होता तो.

मृणालने स्लाइड बदलली. हेडिंग खोडून '८४० तास' केलं. ग्राफ नीट दिसत होता, खरं तर आधीपेक्षा देखणा. सेव्ह केलं. विशाल झोपायला गेला. मग तिला वाटलं की दोन सेल परत आत टाकायचेच आहेत तर निदान हे दोन का वाचले ते तरी बघून घेऊ.

सगळे सहा मायक्रोस्कोपखाली घेतले. तिचा अंदाज होता की इपॉक्सी कडेने सुटलं असणार, कारण सगळे तेच म्हणतात आणि सरांचा तर इपॉक्सीवर पहिल्यापासून राग. पण कडा चांगल्या होत्या. पिवळा रंग कडेने आत आलेलाच नव्हता. चारही सेलमध्ये तो सुरू होत होता तांब्याची पट्टी बाहेर येते तिथून, आणि तिथून पंख्यासारखा आत पसरलेला. पट्टीच्या खाली बारीक फट दिसत होती, तांबं आणि इपॉक्सी तापून-थंड होऊन एकमेकांना सोडून गेलेले. दर आठवड्याला मोजायला बाहेर काढायची ना ती, ८५ वरून २७ वर आणि परत वर.

आणि वाचलेल्या दोघांना पट्टीच नव्हती.

हे तिला आठवतच नव्हतं. वही काढली, मागे मागे गेली, शेवटी सापडलं, तिच्याच घाणेरड्या अक्षरात: 'कॉपर टेप संपली. ५ आणि ६ ला आयटीओच बाहेरपर्यंत ठेवला, क्लिप बाहेरून.' म्हणजे काचेवरचा कंडक्टिंग थरच सीलच्या खालून बाहेर आणलेला, नॅनोमीटरमधली जाडी, त्याला कसली फट पडणार. टेपचा रोल संपला म्हणून. नवीन रोलचा इंडेंट तेव्हा परचेसमध्ये पडलेला. एरवी परचेसला शिव्या देण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, पण त्या रात्री तिने त्यांना मनातल्या मनात माफ केलं. तेवढ्यापुरतं.

मग फोटो काढले, सहाही सेलचे, कडेचे आणि पट्टीचे वेगवेगळे. तेरावी स्लाइड परत उघडली. चार ठिपके खाली, दोन वर, १७ आणि १६.८. ग्राफ इतका कुरूप झाला की बघवेना. '८४०' खोडून परत '१०००' लिहिलं आणि पुढे, 'सहापैकी चार फेल'. चौदावी नवीन केली, नुसते फोटो. तोवर पहिल्या लोकलचे भोंगे ऐकू यायला लागलेले.

सरांना आधी सांगायला पाहिजे म्हणून साडेआठला मेसेज टाकला. सरांचं उत्तर: 'ओके.' या ओकेचे चार अर्थ होतात, त्यातला कोणता ते अकरालाच कळणार होतं.

कमिटीत सर, डिपार्टमेंटच्या मॅडम, आणि बाहेरून आलेले एक सिनियर प्रोफेसर, ज्यांच्याबद्दल सगळे म्हणतात की ते स्लाइड नंबर सोडून काही बघत नाहीत. तेराव्या स्लाइडला मॅडमचा चेहरा पडला. सर खाली मान घालून बिस्किट खात होते. बाहेरचे म्हणाले, "मागच्या रिपोर्टमध्ये तर तुम्ही हजार तास होणार म्हणून लिहिलंय."

"हो सर. झाले नाहीत."

"कडेने पाणी गेलं?"

"नाही सर, वायर बाहेर येते तिथून." तिने चौदावी लावली. "कडा चांगल्या आहेत. ज्या दोघांना वायर नव्हती ते टिकलेत."

ते पुढे झुकले, चष्मा वर केला, मग परत मागे. "दोन सेल. दोन सेलवर तुम्ही काय सिद्ध करणार?"

"काहीच नाही सर. म्हणून परत करायचंय. बारा सेल, सहा पट्टीवाले, सहा बिनापट्टीचे. सगळे एकाच बॅचमधले. आणि मोजायला बाहेर काढायचे नाहीत असे चार वेगळे."

"किती वेळ लागेल?"

"हजार तास म्हणजे सहा आठवडे. त्याआधी सेल बनवायचे."

त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी बिस्किट संपवून पहिल्यांदा तोंड उघडलं, "इपॉक्सी पण बदलू. ब्यूटाइल रबर लावून बघू." म्हणजे इपॉक्सीवरचा राग काही गेला नव्हता, पुरावा समोर असूनही.

तिला बाहेर बसवलं. वीस मिनिटांनी आत बोलावलं. काम समाधानकारक, पण एसआरएफची शिफारस आता नाही, तीन महिन्यांनी नवीन डेटा घेऊन या, मग बघू. आणि सिनॉप्सिसमधून 'हजार तास स्थिर' हे शब्द काढा. मॅडम म्हणाल्या चौदावी स्लाइड चांगली होती. बाहेरचे काही म्हणाले नाहीत, त्यांना विमान पकडायचं होतं.

विशाल पॅसेजमध्येच उभा होता.

"काय झालं?"

"तीन महिने."

"सांगितलं होतं ना तुला." मग थोडं थांबून, "पैसे लागले तर सांग. माझ्या क्लासमध्ये बारावीच्या बॅचला फिजिक्सला कोणी नाहीये, संध्याकाळी दोन तास."

"किती देतात?"

"तासाचे चारशे. पण वेळेवर देतात."

"सांग त्यांना येते म्हणून," मृणाल म्हणाली आणि ब्यूटाइल टेपचा इंडेंट घेऊन परचेसला गेली. तिथे खिडकीतल्या बाईंनी फॉर्म उलटसुलट केला, कोटेशनं तीन लागतील म्हणाल्या, इथे एकच दिसतंय, आणि साहेब जेवायला गेलेत, अडीचनंतर या.