धर्मेतिहासाच्या पेपरची दोन आठवड्यांची उजळणी : १३ ते २६ एप्रिल

एम. ए. इतिहास, दुसरे सत्र. पेपर 'भारतातील धर्मपरंपरांचा इतिहास', सोमवार २७ एप्रिल २०२६, सकाळी ११ ते २. एकूण ८० गुण : २० गुणांचे तीन दीर्घ प्रश्न आणि ५ गुणांच्या चार टिपा.

आपल्या नोट्स परंपरेनुसार असतात, प्रश्न मात्र बऱ्याचदा दोन-तीन परंपरांना एकत्र आणतात. म्हणून पहिला आठवडा परंपरा उभी वाचायची आणि दुसरा आठवडा शतक आडवे. रोज सकाळी दोन तास वाचन, दुपारी दोन तास वाचन, संध्याकाळी एक तास फक्त लेखन. संध्याकाळचा तास कधीही बुडवू नका. वाचलेले डोक्यात आहे असे वाटते आणि उत्तरपत्रिकेवर उतरत नाही, हे याच तासात कळते.

सोमवार १३. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन प्रत्येक प्रश्नापुढे घटक क्रमांक लिहा. उद्या आंबेडकर जयंतीची सुट्टी, ग्रंथालय बंद. लागणाऱ्या झेरॉक्स आजच काढून घ्या. मग मोठ्या ड्रॉइंग पेपरवर कालपट आखा. रकाने सात : वैदिक-पौराणिक, जैन, बौद्ध, भक्तिपंथ, इस्लाम-सूफी, शीख, आणि ख्रिस्ती-ज्यू-पारशी. ओळी शतकांच्या. एका चौकटीत एक नाव, एक साधन, एक सन एवढेच. चौकट भरून वाहू लागली की पट निरुपयोगी होतो.

मंगळवार १४. वैदिक आणि उपनिषदे फक्त सकाळी. बहुतेकांचा वेळ इथेच बुडतो : घटक ओळखीचा वाटतो, तीन दिवस खातो आणि एकोणिसावे शतक वाचायचे राहून जाते. दुपारी जैन, बौद्ध, आजीवक. महावीरांना जैन धर्माचे संस्थापक लिहू नका. परंपरेत ते २४ वे तीर्थंकर, त्यांच्याआधी पार्श्वनाथ. बुद्धाच्या काळाबद्दल पारंपरिक इ.स.पू. ५६३-४८३ लिहा आणि अनेक आधुनिक अभ्यासक निर्वाण इ.स.पू. ४०० च्या आसपास मानतात हेही एका वाक्यात जोडा.

बुधवार १५. अशोक ते सातवाहन. या दिवसाला पूर्ण वेळ द्या, कारण इथे पुरावा दगडावर कोरलेला आहे. तेरावा शिलालेख : कलिंग युद्धानंतरचा पश्चात्ताप. बारावा : सर्व पंथांचा आदर. बराबर टेकड्यांतील लेण्यांचे दान आजीवकांना. या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की 'अशोकाने बौद्ध धर्म राजधर्म केला' हे सरधोपट वाक्य तुमचे तुम्हालाच खटकेल. सोपाऱ्याला आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत. कार्ल्याच्या चैत्यातले लेख दात्यांसाठी वाचा : त्यांत धेनुकाकटाचे यवन आहेत. व्यापारी मार्ग आणि लेणी यांचा संबंध सांगायला हा पुरावा पुरतो.

गुरुवार १६. पौराणिक धर्म, महायान, बारा आळवार आणि ६३ नायनमार. वेरूळ लेण्यांचे क्रमांक पाठ करा : १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, कैलास १६ वे, राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या काळातले.

शुक्रवार १७. सूफी. अजमेरचे मोइनुद्दीन चिश्ती (मृत्यू १२३६), दिल्लीचे निजामुद्दीन औलिया (१३२५), खुलताबादचे बुर्हानुद्दीन गरीब (१३३७), गुलबर्ग्याचे गेसूदराज (१४२२). चौघांची नावे एका ओळीत लिहिली तर चिश्ती सिलसिल्याचा दख्खनकडचा प्रवास डोळ्यांसमोर येतो.

शनिवार १८. बसवेश्वर, महानुभाव, वारकरी, नानक. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. नामदेवांची पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. महाराष्ट्र आणि पंजाब जोडणारा हा धागा सोडू नका. इथली नेहमीची चूक अशी, की उत्तर संतचरित्रांची माळ होते. प्रत्येक संतापुढे तीन प्रश्न ठेवा : भाषा कोणती, संघटना कोणती, जातीबद्दल भूमिका काय? चमत्कार लिहायचे असतील तर ते कोणत्या ग्रंथात, किती काळानंतर नोंदले गेले तेही लिहा.

रविवार १९. सकाळी ज्यू, पारशी, सिरियन ख्रिस्ती. कोल्लमचा ताम्रपट इ.स. ८४९. दुपारी पट बघून दीड तासाचा अर्धा पेपर लिहा.

सोमवार २०. एकोणिसावे-विसावे शतक. ब्राह्मो सभा १८२८, प्रार्थना समाज १८६७, सत्यशोधक समाज १८७३, आर्य समाज १८७५ (मुंबईत), नागपूरचे धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६. शेजारी शेजारी वाचल्या तर या संस्थांतले मतभेद दिसतात. फुल्यांचे काम प्रार्थना समाजाच्या शेपटाला जोडू नका. प्रश्न विचारण्याची त्यांची जागाच वेगळी होती.

मंगळवार २१, बुधवार २२. आता आडवे वाचन. शतके पाच : इ.स.पू. तिसरे, मग इसवी सनाचे आठवे, तेरावे, सोळावे, एकोणिसावे. प्रत्येकाला दीड तास. पट झाकून कोऱ्या कागदावर ते शतक लिहून काढा. सोळावे असे दिसेल : नानकांचे निधन १५३९, झेवियर गोव्यात १५४२, इन्क्विझिशन १५६०, अकबराने जिझिया उठवला १५६४, इबादतखाना १५७५. शेवटी १५९९ : एकनाथांचे निधन आणि केरळात उदयमपेरूरची धर्मसभा. एकाच काळात फतेहपूरला वाद-संवाद आणि गोव्यात इन्क्विझिशन! 'सोळावे शतक सहिष्णुतेचे होते का?' या प्रश्नाचे उत्तर इथेच उभे राहते.

भक्ती हा इस्लामला दिलेला प्रतिसाद होता, हे विधान तपासायलाही पटच उपयोगी पडतो. आळवार-नायनमारांचा काळ साधारण सहावे ते नववे शतक. तेव्हा दिल्लीत सुलतान नव्हते.

गुरुवार २३. साधने. प्रत्येक परंपरेचे एक साधन घ्या आणि घटना व लेखन यांतले अंतर लिहा. पारशांच्या आगमनाची कथा सांगणारा 'किस्सा-ए-संजान' घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिला गेला. उलट, अशोकाचे लेख त्याच्या हयातीतले, पण राजाने स्वतःबद्दल कोरलेले. कोणते साधन अधिक विश्वसनीय, यापेक्षा कोणते साधन काय सांगू शकते, असे लिहा.

शुक्रवार २४. सकाळी ११ ते २ पूर्ण सराव पेपर, घड्याळ लावून. वाचन आणि निवड १० मिनिटे, दीर्घ प्रश्न प्रत्येकी ३८, टिपा प्रत्येकी ११, शेवटची १२ तपासणीला. ३८ पैकी पहिली चार मिनिटे मुद्दे मांडायला. पहिला प्रश्न ५५ मिनिटे चालला की शेवटच्या दोन टिपा जातात. हे नुकसान सगळ्यात जास्त होते आणि सहज टळते. तुलनेच्या प्रश्नात अर्धे उत्तर भक्ती आणि अर्धे सूफी असे करू नका. मुद्द्यांवर चाला : लोकभाषा, गुरू आणि पीर, दिंडी आणि खानकाह, राजसत्तेशी नाते, आणि एक मुद्दा फरकांचा.

शनिवार २५. सराव पेपरात जे अडले तेवढेच वाचा. नवे पुस्तक उघडू नका.

रविवार २६. सकाळी दोन तास पट बघायचा, मग न बघता सनावळी एकदा लिहायची. खात्री नसलेला सन उद्या पेपरात लिहू नका. 'तेराव्या शतकाच्या अखेरीस' असे बरोबर लिहिलेले चुकीच्या सनापेक्षा चांगले. हॉल तिकीट, ओळखपत्र, दोन निळी पेने संध्याकाळीच बॅगेत ठेवा. रात्री दहाला झोपा.