‘ए डॉल्स हाउस’ : शनिवारच्या ओपन बुक चाचणीसाठी अंकवार सार
(टी.वाय.बी.ए., सावंतवाडी वर्ग)

पुस्तक समोर असताना ‘पुढे काय झालं’ कुणी विचारणार नाही. प्रश्न येईल तो ‘कशावरून?’ असा. सगळ्यांच्या आवृत्त्या वेगळ्या, म्हणून इथे पानांऐवजी प्रसंग दिलेत; तिथे चिठ्ठ्या लावा. कंसातल्या रंगसूचना गाळू नका. दशावतारात संवाद रंगमंचावरच सुचतात, इब्सेनने मात्र कंसही जोखून लिहिलाय.

अंक १ (नाताळची आदली संध्याकाळ)
नोरा खरेदी करून येते, नवऱ्यापासून लपवून मॅकरून खाते आणि विचारल्यावर सरळ नाही म्हणते. पहिली चिठ्ठी इथे: खोटं बोलण्याची सवय कर्जापुरती नाही. तिचा नवरा हेल्मर नव्या वर्षात बँकेचा मॅनेजर होणार आहे. जुनी मैत्रीण मिसेस लिंडे नोकरीसाठी येते. तिला नोरा इटलीच्या प्रवासासाठी काढलेल्या कर्जाचं गुपित सांगते. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज मिळत नाही, हे वाक्य लिंडेच्या तोंडी आहे. मग कर्ज देणारा क्रॉगस्टाड तारखा काढतो: वडील वारले २९ सप्टेंबरला, कर्जरोख्यावर त्यांची सही २ ऑक्टोबरची! नोरा सही आपणच केल्याचं कबूल करते. कायद्याच्या प्रश्नाला हाच उतारा द्यायचा. शेवटी हेल्मर म्हणतो, खोटारड्या आईमुळे घर नासतं. बोलतो क्रॉगस्टाडबद्दल, लागतं नोराला.

अंक २ (नाताळचा दिवस)
झाड ओरबाडलेलं, मेणबत्त्या जळून गेलेल्या. रंगसूचनेवर प्रश्न आला तर हीच उचला. हेल्मर क्रॉगस्टाडला बँकेतून काढतो; क्रॉगस्टाड चारचौघांत आपल्याशी एकेरीत बोलतो, हे हेल्मरचं खरं दुखणं. नोरा डॉ. रँककडे पैसे मागणार, तोच तो प्रेम बोलून दाखवतो आणि तिला मागणं अशक्य होतं. क्रॉगस्टाडचं पत्र कुलूपबंद पेटीत पडतं, किल्ली हेल्मरकडे. टॅरँटेलाची तालीम त्याला पेटीपासून अडवण्यासाठी आहे. ‘नाचाची हौस’ लिहिलंत तर गुण गेले.

अंक ३ (दुसरी रात्र)
वर पार्टी, खाली लिंडे आणि क्रॉगस्टाड पुन्हा जुळतात. तो पत्र परत मागायला तयार असतो, लिंडेच अडवते. ‘क्रॉगस्टाडने पत्र परत घेतलं’ ही नेहमीची चूक. पत्र हेल्मर वाचतो, नोरावर तुटून पडतो, आणि कर्जरोखा येतो तो दुसऱ्या पत्रासोबत. ‘मी वाचलो’ असं हेल्मर ओरडतो. नोराला विचारावं लागतं, आणि मी? या दोन ओळी शेजारी शेजारी उद्धृत करा.

त्यानंतर दोघं समोरासमोर बसतात. आठ वर्षांच्या संसारातलं हे पहिलं गंभीर बोलणं, असं नोराच सांगते. ती घर सोडते ते क्रॉगस्टाडच्या भीतीने नाही. संकट टळलेलं असतं. ती ज्या ‘चमत्काराची’ वाट पाहत होती, म्हणजे नवरा सगळा दोष स्वतःवर घेईल, तो झालेला नसतो. चमत्काराचा पहिला उल्लेख अंक २ मध्ये लिंडेशी बोलताना आहे. दोन्ही जागा जोडून दाखवा.